थिंगवेट्लिरची भेग

आइसलँडमधल्या थिंगवेट्लिरला पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. आल्मनाग्याउ या घळीतून वाट जाते. एका बाजूला काळ्या बेसाल्टचा उभा कडा, थरावर थर रचलेला. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोट. एका फटीत हात घातला. आत कोपरापर्यंत थंडगार, ओलं शेवाळ.

इथे एक पाय अमेरिकेत आणि एक युरोपात ठेवता येतो, असं पर्यटकांना सांगतात. ते मला पटत नाही. अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराच्या सरकत्या तुकड्यांची, सीमा इथून जाते, पण ती एक रेघ नसून भेगांनी भरलेला किलोमीटर-किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. इथली जमीन गेल्या दहा हजार वर्षांत सुमारे ७० मीटर फाकली आणि ४० मीटर खचली. आता हिशेब करा. दोन्ही भूपट्ट वर्षाला साधारण २ सेंटीमीटर दूर जातात, म्हणजे तेवढ्या काळात २०० मीटर. उरलेले १३० मीटर कुठे गेले? बहुतांश पूर्वेकडच्या दुसऱ्या ज्वालामुखी पट्ट्यात. सीमा इथे दुभंगली आहे.

खाली लाव्हाचा समुद्र असेल असं मला लहानपणी वाटायचं. तसं नाही. कवचाखालचा जाड थर म्हणजे प्रावरण. ते घन खडकाचंच आहे, पण इतकं तापलेलं की वर्षाला काही सेंटीमीटर वाहतं. पृथ्वीच्या जन्मापासूनची उष्णता आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सारातून निघणारी उष्णता त्याला ढवळत राहते. वरचा भूपट्ट फाकला की खालचा खडक ती जागा घ्यायला वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो, आणि दाब घटला की तो जास्त तापवावा न लागताच थोडा वितळतो. घळीतला हा काळा कडा त्यातूनच घडला. आइसलँडखाली प्रावरण नेहमीपेक्षा जास्त गरम आहे, म्हणून भूपट्ट फाकतात तिथे अटलांटिकच्या तळाशी उभी राहिलेली पर्वतरांग इथे समुद्राबाहेर डोकं काढते.

पण हे फाकणं मुख्यत्वे खालून ढकलल्यामुळे होत नाही. भूपट्टाची थंड, जड झालेली दुसरी कड समुद्रतळाच्या घळईत बुडते आणि मागचा सगळा भाग ओढत नेते. पॅसिफिक भूपट्टाला अशा लांबच लांब बुडत्या कडा आहेत, म्हणून तो कितीतरी वेगाने सरकतो. अटलांटिकच्या बाजूला त्या फार थोड्या, म्हणून इथली चाल संथ. बुडणाऱ्या कडेवर वितळण्याचं कारणही वेगळं आहे: तिथे खडकातलं पाणी वर झिरपतं आणि वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली आणतं.

भूकंपाचं गणितही इथेच उलगडतं. भूपट्टाचा मधला भाग ताठ, बहुतेक सगळी सरकासरकी कडांवर. खडक थंड असेल तरच तुटतो. गरम असेल तर वाकतो, वाहतो. इथे थोडं खाली गेलं की खडक गरम, म्हणून भूकंप उथळ. जपानखाली मात्र थंड भूपट्ट खोल शिरतो, तिथे शेकडो किलोमीटर खालीही धक्के बसतात.

परतताना कड्यातून निसटलेला एक धोंडा वाटेवर दिसला. तुटलेली बाजू अजून स्वच्छ काळी होती, शेवाळ धरलेलं नव्हतं.