पाळी आली, बरं झालं

शनिवार, रात्री

बाळ हवंय म्हणणाऱ्या बाईला पाळी आल्याचा आनंद व्हावा, हे जरा विचित्रच. पण आज झाला खरा. गोळी न घेता आलेली ही पाळी, आणि आठवडाभर आधीच्या रक्ततपासणीत प्रोजेस्टेरॉन ११ आलं होतं. तीनच्या वर आकडा म्हणजे अंडं सुटलंय, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं. या खेपेला गर्भ राहिला नाही, पण राहू शकला असता. आजवर मुळात अंडंच सुटत नव्हतं, तर राहणार काय?

माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ होतं. बीएमआय २८ च्या थोडा वर. मी स्वतःला 'जरा अंगाने भरलेली' समजायचे. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती लवकर साठते. सोबत पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा त्रास, होताच.

चरबी म्हणजे नुसता साठा, अशी माझी समजूत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोटातली चरबी वाढली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून आणखी मोठ्याने ओरडतं. अंडाशय मात्र बहिरं झालेलं नसतं. ते या आरडाओरड्याने जास्तच पुरुषी संप्रेरकं बनवायला लागतं. मग अंड्यांच्या पिशव्या वाढायला लागतात आणि अर्ध्यावरच थांबतात. हनुवटीवरचे केस आणि लांबणारी पाळी, दोन्हींचं मूळ हेच.

उपाय ऐकून मला हसू आलं होतं. पाच टक्के वजन उतरवायचं. म्हणजे ६८ चे साडेतीन किलो. आज मी साडेचौसष्ट आहे, बीएमआय अजून २७ च्या घरात, साडीच्या ब्लाउजला काही फरक नाही. पण यकृतातली आणि पोटातली चरबी आधी उतरते आणि इन्सुलिनला तेवढं पुरतं. बऱ्याच जणींचं अंडं एवढ्यावर सुटायला लागतं. सगळ्यांचं नाही.

मला घाई होती, उपासच करते म्हटलं तर बाईंनी दटावलं. ऑफिसातली मैत्रीण आठवली. धावण्याच्या नादात बीएमआय १७ वर आला आणि तिची पाळीच बंद झाली. पोटात पुरेसं जात नाही आणि खर्च मात्र भरपूर, असं दिसलं की मेंदू अंडाशयाला निरोप पाठवणंच थांबवतो. तिला वजन वाढवायला सांगितलं, धावणं कमी करायला सांगितलं. लोक मात्र तिला 'किती फिट' म्हणायचे.

आता आमचे अहो. १७२ सेंटिमीटर, ८८ किलो. सासूबाईंचं म्हणणं, 'पुरुषाच्या वजनाचा काय संबंध?' रिपोर्टमध्ये शुक्राणू मिलिलिटरला ११ दशलक्ष, जिथे किमान १६ धरतात. टेस्टोस्टेरॉन कमी, इस्ट्रोजेन जास्त. चरबीत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहतं. इस्ट्रोजेन वाढलेलं पाहून मेंदूला वाटतं, पुरेसं आहे, आणि तो वृषणांना हुकूम कमी देतो. वर दिवसभर खुर्चीत बसून मांड्यांमधली उष्णता, ती वेगळीच.

जिमच्या ट्रेनरने त्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं होतं. डॉक्टरबाई अक्षरशः खुर्चीत ताठ झाल्या. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू आतला हुकूम पारच थांबवतो आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. मूल हवं असेल तर त्या इंजेक्शनच्या वाटेला जायचं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आज सोडलेल्या वडापावचा परिणाम पुढच्या महिन्यात शोधायचा नाही. दुसरा रिपोर्ट तीन महिन्यांनी. रागावून त्याने संध्याकाळचं चालणं सुरू केलंय. बोलत नाही, पण चालतो.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. वजन उतरलं की मूल होणारच, असं नाही. नेदरलँड्समध्ये बीएमआय २९ आणि त्यावरच्या बायकांना उपचाराआधी सहा महिने आहार-व्यायाम देऊन पाहिलं, निकाल २०१६ मध्ये आले. त्यांच्यात उपचाराविना दिवस गेल्याची संख्या वाढली, पण निरोगी बाळंतपणं काही वाढली नाहीत. गर्भनळ्या बंद असतील तर काटा काही करू शकत नाही. आणि वय थांबत नाही. मी ३१ ची आहे म्हणून बाईंनी वजनासाठी काही महिने दिले. ३८ च्या बाईला 'आधी दहा किलो उतरव, मग ये' म्हणणं म्हणजे तिची अंडी खर्ची घालणं, हे त्यांचेच शब्द.

पुढच्या दोन-तीन पाळ्या अशाच बघायच्या. दिवस गेले नाहीत तर अंडं सुटायला मदत करणारं लेट्रोझोल सुरू. गंमत म्हणजे ते औषध त्याच अरोमाटेजला अडवतं. अहोंचा रिपोर्ट तेव्हाच्या आसपास येईल. सासूबाईंना तो वाचून दाखवायचं काम मी त्यांच्या मुलावर सोपवलंय.