दुर्दैवाने गरम पाणी नाही

दापोलीजवळ माझ्या मावसबहिणीचा होमस्टे आहे. पाहुण्यांचे इंग्रजी अभिप्राय आणि त्यांना पाठवायचे निरोप तिच्या मुलाने मराठीत उतरवले आणि नजर टाकायला माझ्याकडे धाडले. पहिलंच वाक्य होतं, ‘तुम्ही एक अद्भुत यजमान आहात.’ ताईचा फोन आला, “अगं, हे माझ्याबद्दल आहे की भावोजींबद्दल तुझ्या?” तिच्या लेखी यजमान म्हणजे नवरा. आणि अद्भुत म्हणजे जादूचा दिवा वगैरे.

आपण कौतुक माणसाचं तोंडावर फारसं करत नाही, त्याच्या हातून झालेल्या गोष्टीचं करतो. ‘सोलकढी काय झाली होती!’, ‘घर किती छान ठेवलंय तुम्ही.’ समोरचाही ते झटकून टाकतो, ‘कसलं हो, घाईघाईत केलं सगळं.’ म्हणून ‘तुमच्या सुंदर शब्दांबद्दल मनःपूर्वक धन्यवाद’ हे ताईचं उत्तर वाचलं, की सत्कार समारंभात हार घालून बसल्यासारखं वाटतं. मी तिथे लिहिलं, ‘तुम्हाला आवडलं, बरं वाटलं. पुढच्या वेळी आंब्याच्या दिवसांत या.’

माफीचं प्रकरण जास्त अवघड निघालं. वरच्या खोलीचा गीझर बंद पडला होता आणि निरोप तयार होता: ‘दुर्दैवाने गरम पाणी उपलब्ध नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.’ मराठीत ‘दुर्दैवाने’ वाचलं की कुणीतरी गेलं असंच आधी वाटतं. गीझरला तो शब्द फार मोठा होतो. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ म्हटल्यावर फलाटावरची घोषणा ऐकू येते. आणि पाहुण्याने अजून न दाखवलेल्या संयमाचे आभार आधीच मानले, तर तो खोचक टोमणा वाटतो. आपण ‘जरा समजून घ्या’ म्हणतो.

खरी अडचण क्रमाची होती. सकाळी सात वाजता टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या माणसाला आधी दिलगिरी नको असते, पाणी हवं असतं. काय झालं, आता काय करतोय, ते आधी. माफी शेवटी, एका ओळीत. मग असं जमलं:

‘नमस्कार. वरच्या खोलीचा गीझर रात्री बंद पडलाय, दुपारपर्यंत वायरमन येतोय. तोवर मागच्या अंगणात बंब पेटवलाय. किती बादल्या लागतील सांगा, वर आणून देतो. सकाळी सकाळी तुम्हाला त्रास झाला, माफ करा.’

भाच्याला ‘दिलगीर’ काढल्याचं वाईट वाटलं. त्याला म्हटलं, ठेव बाजूला. बुकिंगच रद्द करून पैसे परत करायची वेळ आली तर तिथे तोच शब्द शोभेल. तिथे ‘चुकलं हो आमचं’ म्हणणं उलट अंग काढून घेतल्यासारखं दिसेल. ‘संपर्क करण्यास संकोच करू नका’ मात्र सगळीकडून खोडलं आणि ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ घातलं.

गीझरच्या निरोपाला पुण्याच्या पाहुण्यांचं उत्तर लगेच आलं: ‘तीन बादल्या पुरेत. आणू नका, आम्हीच खाली येतो. मुलांनी बंब कधी पाहिलेला नाही.’