बेरीज चौदा यायला हवी होती

क्षाराची पाण्याशी होणारी अभिक्रिया, म्हणजे हायड्रोलिसिस, दाखवणाऱ्या प्रात्यक्षिकाला सोडियम ॲसिटेट आणि अमोनियम क्लोराइड ही जोडी आम्ही मुद्दाम देतो. ॲसिटिक आम्ल जेवढं सौम्य, जवळपास तेवढाच अमोनिया आम्लारी म्हणून सौम्य. दोघांचा विचरण स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. त्यामुळे दोन्ही क्षारांची ०.१ मोलर द्रावणं पीएच सातच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर यायला हवीत. ॲसिटेटचं गणित असं:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻
pH = 7 + ½ pKa + ½ log C

इथे pKa म्हणजे विचरण स्थिरांकाचा उणे लॉग आणि C म्हणजे क्षाराची मोलर संहती. यातून ८.८७ मिळतो. अमोनियम क्लोराइडला चिन्हं उलटी होतात आणि ५.१३ मिळतो. बेरीज बरोबर १४.

त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक टेबलावर अमोनियम क्लोराइडचं वाचन ५.२ च्या आसपास होतं आणि ॲसिटेटचं ८.४ च्या. बेरीज १३.६. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं पडलं, ‘‘द्रावण आम्लारीधर्मी निघालं ना? मग मुद्दा सिद्ध झाला. मुलांना पुढे जाऊ द्या.’’ मला हे अजिबात पटलं नाही. पीएचमध्ये ०.४५ चा फरक म्हणजे हायड्रॉक्साइडच्या हिशेबात जवळजवळ तिप्पट चूक. शिवाय चूक एकाच बाजूला होती, म्हणजे तिला काहीतरी ठरावीक कारण असणार.

पहिला संशय नेहमी वजनावर जातो. ॲसिटेट दोन रूपांत मिळतं: निर्जल, रेणुभार ८२.०३, आणि तीन पाण्याचं, रेणुभार १३६.०८. २५० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावणाला तीन पाण्याचं ३.४० ग्रॅम लागतं. बाटलीवरचं लेबल न वाचता निर्जल समजून २.०५ ग्रॅमच घेतलं, तर द्रावण ०.०६ मोलर होतं. ही चूक दरवर्षी कोणीतरी करतंच. पण पीएचच्या सूत्रात संहतीचा लॉग आहे आणि त्याचंही अर्धंच, म्हणून चाळीस टक्के कमी क्षार घातला तरी पीएच फक्त ०.११ ने उतरतो. वजनाने ०.४५ ची तूट पाडायची तर क्षार आठपट कमी पडायला हवा. इतकी चूक सगळ्या टेबलांवर एकाच वेळी होत नाही.

दुसरा संशय मीटरवर. कॅलिब्रेशन ७.०० आणि ४.०१ च्या बफरने झालेलं होतं, आणि आम्लारी बाजूचं वाचन त्या टप्प्याबाहेर पडतं. ही पद्धत चुकीचीच आहे, पण बऱ्याच प्रयोगशाळांत तिसरी बफर बाटली उघडायची कुणाला सवय नसते. बोरॅक्सच्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून पाहिला. २५ अंशांना ९.१८ दाखवायला हवा होता, ९.१७ दाखवला. मीटर ठीक होता.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण हिशेबात धरावीच लागते. सूत्र संहतीवर चालतं, इलेक्ट्रोड मात्र आयनांची क्रियाशीलता मोजतो. ०.१ मोलर क्षारात आयनांची गर्दी एवढी असते की क्रियाशीलता संहतीच्या साधारण ०.७८ पट उरते. त्याचा लॉग उणे ०.११. हा फरक दोन्ही द्रावणांना सातकडे ओढतो: ८.८७ चा ८.७६ होतो आणि ५.१३ चा ५.२४. म्हणजे अमोनियम क्लोराइडचं ५.२ हे वाचन पाठ्यपुस्तकाच्या आकड्याशी जुळत नसलं तरी बरोबरच होतं. पण इथे दोन्ही बाजू सारख्याच सरकतात, बेरीज १४ च राहते. ॲसिटेटची ०.३५ ची तूट तशीच उरली.

उत्तर जर्नलमध्येच होतं, पहिल्या ओळीत. प्रत्येकाने डिस्टिल्ड वॉटरचा पीएच मोजून ५.६, ५.७ असा लिहिला होता आणि पुढे गणितात पाणी उदासीन धरलं होतं. शुद्ध पाण्यात मीटरचं वाचन हेलकावे खातं हे खरं, आणि त्याच सबबीखाली ही ओळ वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहते. पण ५.६ हा योगायोग नाही. हवेशी समतोलात आलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि त्यातून नेमका हाच पीएच येतो.

आता हे १४ मायक्रोमोल कशाशी भिडतात ते पाहावं. ०.१ मोलर ॲसिटेटमध्ये लिटरला एक लाख मायक्रोमोल ॲसिटेट आयन आहेत. त्यांतल्या फक्त साडेसातांचं हायड्रोलिसिस होतं आणि साडेसात मायक्रोमोल हायड्रॉक्साइड तयार होतो. तो सगळा संपवून उरेल एवढा कार्बन डायऑक्साइड पाण्यात आधीच हजर असतो. मुलांना वाटतं द्रावण ०.१ मोलर आहे म्हणजे दणकट आहे, असल्या किरकोळ वायूने त्याला काय होणार. पण पीएच ठरवणारा आकडा एक लाखाचा नसून साडेसाताचा आहे.

मग पीएच थेट सातवर का कोसळत नाही? कारण हायड्रॉक्साइड खर्ची पडला की ॲसिटेटचं आणखी हायड्रोलिसिस होतं आणि तूट काही अंशी भरून निघते. समतोल मांडला की असं दिसतं: ॲसिटिक आम्ल साडेसातावरून १७ मायक्रोमोलपर्यंत चढतं, त्यातल्या पावणेचौदांच्या वाट्याचा हायड्रॉक्साइड बायकार्बोनेटमध्ये जातो आणि मोकळा जेमतेम ३.३ उरतो. साडेसाताचे ३.३ झाले की पीएच ०.३५ ने उतरतो. आपली तूट तेवढीच होती.

अमोनियम क्लोराइड या सगळ्यातून सुटतं, कारण ते द्रावण आधीच आम्लधर्मी आहे. पीएच ५.२ ला विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं विचरण जवळजवळ होतच नाही, चौदापैकी जेमतेम एक मायक्रोमोल हायड्रोजन आयन देतो. पीएच ५.२४ चा ५.२० होतो, आणि एवढा फरक मीटरच्या दुसऱ्या दशांशात हरवून जातो. म्हणून एकच पाणी एका द्रावणाला बिघडवतं आणि दुसऱ्याला हातही लावत नाही. ही विषमता हीच सगळ्यात चांगली खूण आहे. मीटर बिघडला असता तर ती अशी दिसली नसती. नुसतं ॲसिटेट घेऊन बसलो असतो, तर आम्ही अजूनही बाटलीला आणि इलेक्ट्रोडला दोष देत राहिलो असतो.

पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे विरल करणं. दोष पाण्याचा असेल तर क्षार दहापट कमी केला तरी कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहतो, त्यामुळे बिघाड वाढायला हवा. ०.०१ मोलर ॲसिटेटचा अपेक्षित पीएच क्रियाशीलता धरून ८.३३ आहे. त्याच पाण्यात केलेल्या द्रावणाने ७.६ दाखवला. तूट ०.३५ वरून ०.७ च्या वर गेली.

उपाय पाणी उकळण्याचा. शंकूपात्रात डिस्टिल्ड वॉटर किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं, नुसती वाफ दिसली की उतरवायचं नाही. मग बुचात कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा लाइमची नळी बसवून थंड करायचं. उघडं ठेवून थंड केलं तर पाणी निवता निवता हवेतला वायू परत ओढून घेतं, आणि सगळं उकळणं वाया जातं. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण लेखी सूचनेत ‘उकळून थंड केलेलं पाणी’ एवढंच असतं, कसं थंड केलेलं ते नसतं. मोजतानाही उघड्या बीकरमध्ये चुंबकीय ढवळणी जोरात फिरवली तर वाचन डोळ्यांदेखत खाली सरकतं. स्थिर होत नाही म्हणून मुलं आणखी ढवळतात, आणि ते आणखी उतरतं.

या पाण्यात ०.१ मोलर ॲसिटेटने ८.७० दाखवला. सगळे खूश झाले. माझं लक्ष मात्र उरलेल्या ०.०६ वर अडकलं, कारण त्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड उरला असेल, किंवा क्षारातच मोकळं ॲसिटिक आम्ल असेल. ०.०६ च्या तुटीला लिटरमागे अडीच मायक्रोमोल आम्ल पुरतं, म्हणजे चाळीस हजार ॲसिटेटमागे एक आम्लाचा रेणू. ९९ टक्के शुद्धतेचं लेबल याबद्दल काहीही सांगू शकत नाही.

दोन्ही कारणं वेगळी करायला पुन्हा विरल करणंच कामी येतं. आम्ल क्षाराबरोबर येत असेल तर दहापट विरल केल्यावर तेही दहापट कमी होतं, आणि ०.०१ मोलर द्रावण ८.३१ च्या आसपास यायला हवं. दोष पाण्यात असेल तर अडीच मायक्रोमोल तसेच राहतात आणि पीएच ८.११ पर्यंत घसरायला हवा. उकळलेल्या पाण्यातल्या ०.०१ मोलर द्रावणाने ८.१४ दाखवला. क्षार निर्दोष होता. उरलेला वायू पाणी मोजपात्रात ओततानाच शिरला असणार, कारण ओतण्याची पातळ धार हवेला भरपूर पृष्ठभाग देते.

त्यानंतर भोकाच्या बुचातून इलेक्ट्रोड आत सोडला आणि द्रावणातून हळूहळू नायट्रोजन बुडबुडवत मोजमाप केलं. ०.१ मोलरला ८.७५ आला आणि वाचन जागचं हललं नाही. प्रत्येक टेबलावर नायट्रोजन देणं शक्य नाही, पण पत्रकात अपेक्षित उत्तर म्हणून ८.८७ छापून ठेवणं तरी थांबवायला हवं. त्या आकड्यापर्यंत पोचायला मुलं मीटरची घुंडी फिरवतात, आणि मग अमोनियम क्लोराइडचं बरोबर आलेलं वाचनही चुकीचं होऊन बसतं.