आधी एसएसडी, मग फॉरमॅट

आज प्राचार्य सरांना पत्र दिलं. विषय: संगणक प्रयोगशाळेच्या पुनर्स्थापनेपूर्वी एसएसडी मिळणेबाबत.

सुट्टीत लॅबमधले तीसही पीसी फॉरमॅट करायचे ठरलंय. माझं म्हणणं एवढंच की जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकून काही फरक पडणार नाही; त्यांच्या जागी आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवायला हवी. सरांना लॅबमध्ये नेऊन टास्क मॅनेजर दाखवला: सीपीयू दहा-बारा टक्क्यांवर निवांत, आणि Disk 100%, म्हणजे डिस्क सतत कामात बुडालेली. हार्ड डिस्कचं हेड फिरत फिरत सेकंदाला शंभरेक ठिकाणची माहिती वाचतं, एसएसडी हजारो ठिकाणची. पोरं प्रॅक्टिकलची पहिली दहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघत बसतात, ते यामुळेच.

पत्रात लिहिलं की २५६ जीबीची साटा एसएसडी पुरे, केबल जुन्याच चालतील. एका पीसीवर सगळं सॉफ्टवेअर टाकून क्लोनझिला या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, काढायची आणि बाकीच्यांवर उतरवायची. एसएसडी नंतर आल्या, तर हीच हमाली दुसऱ्यांदा! निघालेल्या डिस्क तपासून धडधाकट असतील त्या बॅकअपला ठेवू.

सरांना पटलं. शेरा मात्र नेहमीचाच: "तीन कोटेशन जोडा."

उद्या बाजारात.