'उमरेडनंतर'चा ट्रेलर: साठ सेकंदांची पटकथा कुठवर आली

कादंबरी छापखान्यातून यायला अजून अवकाश आहे, पण ट्रेलरची पटकथा आता ठरली. इथल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या पुस्तकांसाठी असे ट्रेलर करायला घेतले आहेत, म्हणून माझ्या पटकथेतली प्रत्येक वेळ कशी आली ते सविस्तर लिहितो. चित्रीकरण आणि संकलनाबद्दल नंतर कधी. आज फक्त कागदावरचं काम.

कथा थोडक्यात अशी. इतवारी–नागभीड नॅरोगेजवरचा एक गार्ड. गाडी कुठेही अवेळी थांबली, की डायरीत दोन गोष्टी लिहायच्या, वेळ आणि कारण. एका रात्री उमरेड सोडल्यावर आणि भिवापूर यायच्या आधी गाडी मधेच शिवारात थांबते. तो वेळ लिहितो आणि कारणाचा रकाना कोरा सोडतो. पुढे २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी लाईन बंद होते, घरातली आवराआवर निघते आणि ती डायरी मुलाच्या हाती लागते. गार्ड, डायरी आणि तो थांबा कल्पनेतले आहेत. लाईन मात्र खरी, १९०८ साली सुरू झालेली, अडीच फूट रुंदीची.

ट्रेलरला एकच प्रश्न पुरतो, आणि तो पूर्ण विचारावा लागतो. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं: भिवापूरच्या मिरचीची पोती, उमरेडची कोळशाची खाण, गार्डाच्या बायकोचं माहेर. सगळं बाजूला ठेवलं. "रकाना कोरा का?" एवढं पाहणाऱ्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. ज्या दृश्यामुळे हा प्रश्न टोकदार होत नाही, ते कितीही देखणं असलं तरी आत येत नाही. आधी पटकथाच देतो, मग तिच्यामागचा हिशोब.

०:००–०:०५. काळा पडदा. रुळांच्या जोडांचे ठोके, बाकी काही नाही.

०:०५–०:०९. कार्ड: इतवारी–नागभीड नॅरोगेज

०:०९–०:१६. कंदिलाच्या उजेडात डायरीची पानं उलटतात. गार्डाचा आवाज: "बत्तीस वर्षं गार्डची नोकरी केली. गाडी थांबली, की डायरीत वेळ लिहाची. अन् कारण."

०:१६–०:२२. एकच पान. बोट एका ओळीवरून सरकत कोऱ्या रकान्यावर थांबतं. आवाज: "त्या रात्री वेळ लिहिली." सेकंदभर काहीच नाही. "कारण नाही लिहिलं."

०:२२–०:२६. कार्ड: वेळापत्रकात नसलेला एक थांबा. ठोके मंदावत जातात आणि थांबतात.

०:२६–०:२९. अंधारात हलणारा कंदील. पूर्ण शांतता.

०:२९–०:३३. कार्ड: २०१९. लाईन बंद.

०:३३–०:३९. भर दिवस. रूळ काढून नेलेली खडी. तरुण हातात तीच डायरी. मुलाचा आवाज: "बाबा, हा रकाना कोरा काहून?"

०:३९–०:४५. म्हातारे हात, मांडीवर जुनी शिट्टी. गार्डाचा आवाज: "गाडी मी नव्हती थांबवली." थांबा. "गाडी थांबली होती."

०:४५–०:४९. शिट्टी, मधेच तुटलेली. शीर्षक: उमरेडनंतर

०:४९–०:५३. शिवारातली पायवाट, दूर जाणारा उजेड. आवाज: "उतरली कोण, ते मी पाहिलं होतं."

०:५३–१:००. मुखपृष्ठ, लेखकाचं नाव, पुस्तक कुठे मिळेल.

बोललेले शब्द सगळे मिळून अडतीस. मिनिटभराच्या ट्रेलरला हे कमी वाटेल. सावकाश, अर्थ पोचवत बोललं तर मराठीत सेकंदाला जेमतेम दोन शब्द होतात, म्हणजे या अडतीस शब्दांनी एकोणीस सेकंद खाल्ले, आणि वाक्यांमधले श्वास धरले तर वर आणखी चार-पाच. उरलेला वेळ कार्डांना, ठोक्यांना आणि शांततेला हवा आहे. शंभर शब्दांची निवेदनं मी बऱ्याच ट्रेलरमध्ये ऐकली आहेत. तिथे बोलणाऱ्याला धावावं लागतं आणि कादंबरीची बातमी होते.

आवाज देणारे काका नाटकात काम करणारे आहेत. पहिल्या बैठकीत त्यांनी 'वेळापत्रकात नसलेला एक थांबा' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, हे बोलाचं वाक्य नाही, वाचाचं आहे. गार्ड असं बोलतच नाही." त्यांचं म्हणणं इतकं नेमकं होतं, की सगळ्या पटकथेची वाटणी मी त्यावरच केली. माणसाच्या तोंडी शोभेल ते नागपुरी वळणाचं वाक्य आवाजाकडे, आणि कोणाच्याच तोंडी नसलेली माहिती, म्हणजे जागा, साल, परिस्थिती, कार्डाकडे. दोघे एकाच क्षणी कधीही येत नाहीत. पडद्यावर एक वाक्य आणि कानात दुसरं असलं, की दोन्ही अर्धी पोचतात. दोन्हीकडे तेच वाक्य ठेवलं, तर डोळे पुढे धावून आवाजाची वाट बघत बसतात.

आता कार्डांचं. शब्द मोजून वेळ काढणं मराठीत फसतं, कारण आपला एक शब्द तीन शब्दांएवढा असू शकतो. मी अक्षरं मोजतो. जोडाक्षर एक धरायचं, एकूण अक्षरांना सहाने भागायचं आणि नजर पडद्यावर स्थिरावायला एक सेकंद मिळवायचा. 'वेळापत्रकात नसलेला एक थांबा' ही चौदा अक्षरं. चौदा भागिले सहा म्हणजे सव्वादोनच्या थोडं वर, अधिक एक, म्हणजे साधारण तीन सेकंद आणि आठ फ्रेम. मी सेकंदाला २५ फ्रेम धरतो. कार्ड उजळताना आणि मावळताना जाणारे आठ-आठ फ्रेम वाचनात मोजत नाही, म्हणून जागा चार सेकंदांची. हा सहाचा आकडा घरातल्या आणि ओळखीतल्या माणसांना कार्डं मोठ्याने वाचायला लावून ठरवला आहे. तुमचे वाचक वयाने मोठे असतील तर पाच धरा.

या मोजणीत आकडे गुपचूप वेळ खातात. 'नोव्हेंबर २०१९. लाईन बंद झाली.' हे कार्ड दिसायला आटोपशीर आहे, पण '२०१९' मनात वाचताना 'दोन हजार एकोणीस' होतं, म्हणजे चार आकड्यांची नऊ अक्षरं. सगळी मिळून वीस, वेळ सव्वाचार सेकंदांच्या पुढे, आणि वर उजळण्या-मावळण्याचे फ्रेम. तेवढ्यात मधल्या शांततेचा ताण निसटतो. '२०१९. लाईन बंद.' केलं तेव्हा अक्षरं चौदावर आली आणि जागा चार सेकंदांत बसली. महिना कादंबरीत आहेच.

शीर्षकाला हा नियम लावायचा नाही. 'उमरेडनंतर' ही सात अक्षरं, हिशोबाने सव्वादोन सेकंदही होत नाहीत. पण हा शब्द वाचून सोडून द्यायचा नसतो, नंतर शोधायला तो लक्षात राहावा लागतो, म्हणून पुरे चार सेकंद दिले. सिनेमाच्या ट्रेलरमध्ये इंग्रजी शीर्षकाची अक्षरं हळूहळू एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात. देवनागरीत ते करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. टाईप होत जाणारं अक्षरही नको, कारण जोडाक्षर आधी पाय मोडलेलं दिसतं आणि मग जुळतं. मी अख्खं शीर्षक चार सेकंदांत शंभर टक्क्यांवरून एकशे चार टक्क्यांपर्यंत मोठं करतो. हलतंय हे कळत नाही, पण कार्ड मेलेलं वाटत नाही. संकलनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कार्ड Inkscape मध्ये तयार करून पारदर्शक PNG म्हणून आणणं. फॉन्ट मुक्ता, तोही जाड वजनाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाबला गेला की बारीक रेषांच्या फॉन्टमधले अनुस्वार आणि रफार आधी पुसले जातात.

सगळ्यात जास्त वेळ मी ठोक्यांवर दिला, आणि तो सत्कारणी लागला असं वाटतं. ती गाडी आता नाही, त्यामुळे तिचा आवाज नव्याने टिपता येत नाही. आजच्या मोठ्या लाईनवर जाऊन टिपावा, तर तिथले रूळ लांबलचक वेल्ड केलेले असतात, जोडाचा ठोका फारसा येतच नाही. म्हणून ठोके स्वतः घडवायचे. डब्याखालच्या एका बोगीला दोन आस, त्यामुळे एका जोडावर दोन ठोके लागोपाठ, मग खंड, मग पुन्हा दोन. रूळ १३ मीटरचा आणि वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास जाते आणि साधारण दीड सेकंदाला एक जोड येतो. वेग निम्मा झाला की तीन सेकंदांना एक. म्हणजे गाडी थांबतेय हे सांगायला ना चित्र लागतं ना वाक्य. दुसऱ्या कार्डाखाली दोन ठोक्यांमधला खंड वाढत जातो आणि पुढचा ठोका येतच नाही. वेग कमी होताना जोडीतले दोन ठोकेही एकमेकांपासून लांब जायला हवेत. फक्त जोड्यांमधलं अंतर वाढवलं तर कानाला ते खोटं लागतं, कोणी दार वाजवतंय असं वाटतं.

पहिल्या वीस सेकंदांतले कट या ठोक्यांवरच बसवणार आहे. शांतता मोडल्यावर मात्र ठोके परत येत नाहीत. लाईन बंद झाली आहे, तर २०१९ नंतरच्या दृश्यांमागे गाडीचा आवाज कशाला? तिथे वारा आणि खडीवरची पावलं.

शीर्षकानंतरच्या ओळीवर इथल्या एका मैत्रिणीने आक्षेप घेतला: 'उतरली' म्हटल्यावर ती बाई होती हे उघड झालं, मग उरलं काय? मी ती ओळ ठेवली आहे. 'कोणीतरी उतरलं होतं' असं लिहिलं, तर गार्ड काहीतरी लपवतोय एवढंच कळतं. 'उतरली कोण, ते मी पाहिलं होतं' म्हटल्यावर त्याने ओळखीच्या बाईसाठी रकाना कोरा सोडला ही शंका येते, आणि कादंबरी तिथूनच सुरू होते. बाई कोण, गाडी कशी थांबली आणि तिचं पुढे काय झालं, यातलं काहीच ट्रेलरमध्ये नाही.

शेवटचं कार्ड सात सेकंदांचं, त्यात मुखपृष्ठ मोठं आणि मजकूर दोनच ओळी. किंमत टाकली नाही, कारण ती बदलली तर व्हिडिओ पुन्हा करावा लागेल.

पुढचं काम ध्वनिमुद्रणाचं. काकांकडून प्रत्येक ओळ तीन वेगांत घेणार आहे आणि "गाडी मी नव्हती थांबवली" नंतरचा थांबा त्यांच्यावर सोडणार आहे. तो सेकंदाऐवजी दीड सेकंदाचा निघाला, तर शीर्षक अर्ध्या सेकंदाने पुढे सरकेल आणि तेवढा वेळ शेवटच्या कार्डातून कापीन. उभ्या पडद्यासाठीची वेगळी आवृत्ती त्यानंतर. तिच्यात 'वेळापत्रकात नसलेला एक थांबा' दोन ओळींत मोडावा लागेल, आणि ओळ 'नसलेला'नंतर तोडायची की आधी, यावर तुमची मतं हवी आहेत.