रात्री ९ च्या आधी जेवा

रुग्ण वारंवार विचारतात अशा प्रश्नांची उत्तरं एका दवाखान्याने लिहून ठेवली होती. ती छोटी, सोपी आणि एकमेकांशी जुळणारी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. खाली ओपीडी, मागे रक्ताची लॅब, वरच्या मजल्यावर सोनोग्राफी. वेळा, फी, विमा, लसीकरण ही उत्तरं भराभर आटोपली. अडले ते एका प्रश्नापाशी: रक्त तपासायच्या आधी काय खायचं-प्यायचं?

या एकाच प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या जागी वेगवेगळं होतं. साखरेच्या तपासणीखाली लिहिलं होतं, ‘रुग्णाने किमान ८ तास एनपीओ राहावे.’ कोलेस्टेरॉलखाली, ‘लिपिड प्रोफाइलकरिता १२ तास फास्टिंग अनिवार्य.’ रक्तदाबाच्या प्रश्नाखाली, ‘तपासणीच्या दिवशी औषधे नेहमीप्रमाणे घ्यावीत.’ वाक्यं वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली. पण रुग्णाच्या चिठ्ठीवर साखर आणि कोलेस्टेरॉल बहुतेक वेळा एकत्रच येतात आणि मधुमेह असलेल्या माणसाला बऱ्याचदा बीपीही असतं. त्याने यातलं कुठलं वाक्य पाळायचं?

काउंटरवर लोक प्रत्यक्ष काय विचारतात ते ऐकावं म्हणून मी एका सकाळी रिसेप्शनच्या ताईंशेजारी जाऊन बसले. नऊच्या सुमाराला साठीचे एक काका बायकोसोबत आले. फास्टिंग-पीपी आणि कोलेस्टेरॉल करायचं होतं. लॅबमधल्या दादांनी दंडाला पट्टा बांधला, पण शीर काही सापडेना. रात्रीपासून पाणी प्यायलात का, असं विचारल्यावर काका म्हणाले, “नाही ना, काहीच घ्यायचं नाही असं सांगितलंय.” तेवढ्यात त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि बोटं थरथरायला लागली. दादांनी लगेच बोटाला टोचून साखर पाहिली. ५८. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. पाण्यात ग्लुकोज कालवून त्यांना पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग बिस्किटं दिली. त्या दिवशी तपासणी झालीच नाही.

काकूंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. काकांनी पहाटे बीपीच्या गोळीबरोबर मधुमेहाची ग्लिमेपिराइडही घेतली होती. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच ती जेवणाबरोबर घ्यायची असते. काकू म्हणाल्या, “गोळ्या नेहमीसारख्या घ्या असं तुमच्याच कागदावर आहे.” खरंच होतं ते. काकांनी आमचं प्रत्येक वाक्य मनापासून पाळलं होतं.

दुपारी डॉक्टर मॅडम, लॅबचे दादा आणि मी कागद घेऊन बसलो. पहिला विषय एनपीओचा. ही शस्त्रक्रियेच्या आधीची सूचना, तोंडाने काहीही न घेण्याची. तिथे पाण्याचंही बंधन असतं. रक्ताच्या तपासणीला साधं पाणी चालतंच, उलट ते प्यावं, कारण शरीरात पाणी कमी असलं की शिरा दबतात आणि दोन-दोनदा टोचावं लागतं. दुसऱ्या विभागातला शब्द इथे चिकटला होता आणि तो कळला नाही म्हणून कुणी हटवलाही नव्हता. ‘फास्टिंग’ मात्र मी फार खोडला नाही. आमच्याकडे येणारी आजीसुद्धा “फास्टिंगची साखर करायचीय” असंच म्हणते.

मग तासांचा प्रश्न. साखरेला निदान आठ तास लागतात, कोलेस्टेरॉलला रिवाजाने नऊ ते बारा. कोलेस्टेरॉलसाठी हल्ली दर वेळी उपाशी राहावं लागत नाही, असं मॅडमनी सांगितलं. पण जेवणानंतर त्याच तपासणीतलं ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसतं आणि चिठ्ठीवर साखर बहुधा असतेच, म्हणून एकच नियम ठेवावा असं त्यांचं मत पडलं. मी विचारलं, आठ तास, बारा तास हे मोजायचं कुणी? रात्री झोपताना कोण हिशेब करतं? लॅब सकाळी सात ते नऊ नमुने घेते. रात्री ९ च्या आधी जेवण संपलं तर दहा ते बारा तास आपोआप होतात आणि दोन्ही तपासण्या त्यात बसतात. तासांच्या जागी घड्याळातली वेळ घातली आणि दोन वेगळी उत्तरं एक झाली.

गोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मॅडमचं म्हणणं, हे इतकं माणसागणिक बदलतं की ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ एवढंच लिहा. मला ते पटलं नाही. पहाटे पाच वाजता पाकीट हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्या शब्दांतून काही मिळत नाही. शेवटी जे बहुतेकांना लागू होतं ते स्पष्ट लिहायचं आणि ज्यांना लागू होत नाही त्यांना आदल्या दिवशीच फोन करायला सांगायचं, असं ठरलं. उत्तर असं झालं:

‘सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्री ९ च्या आधी जेवण संपवा. त्यानंतर फक्त साधं पाणी प्या. चहा, दूध, तंबाखू काहीही नको. सकाळी ७ ते ९ मध्ये या. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊ नका. सोबत आणा आणि रक्त दिल्यावर खाण्याच्या वेळी घ्या. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्या. रात्री इन्सुलिन घेत असाल तर आदल्या दिवशी फोन करा. घाम, थरथर, चक्कर वाटली तर लगेच साखर खा. तपासणी नंतर करू.’

मूळ उत्तरापेक्षा हे लांब आहे, आणि तसंच राहू द्यायला मी भांडले. बाकीची सगळी उत्तरं दोन-तीन वाक्यांत बसवली, पण इथे एक वाक्य कमी केलं तर कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागेल.

चहाचा उल्लेख पहिल्या मसुद्यात नव्हता. तो मसुदा ओपीडीत बसलेल्या मंडळींना वाचून दाखवला आणि “कळलं का?” असं न विचारता “मग उद्या उठल्यापासून काय काय करणार, सांगा” असं म्हटलं. एक आजी म्हणाल्या, “उठायचं, तोंड धुवायचं, कोरा चहा घ्यायचा अन् यायचं. बिनसाखरेचा चालंल की!” दुसऱ्या एका गृहस्थांच्या सांगण्यात मिश्रीही आली. तिथेच ती ओळ घातली.

पीपीच्या उत्तरातही याच पद्धतीने चूक सापडली. ‘जेवणानंतर दोन तासांनी’ असं लिहिलेलं होतं. लोक हात धुतल्यापासून मोजत होते, तर दादांना पहिल्या घासापासूनचे दोन तास हवे होते. आता तिथे लिहिलंय: ‘पहिला घास घेतलात ती वेळ लक्षात ठेवा, त्यानंतर बरोबर २ तासांनी रक्त द्या. या जेवणाबरोबर मधुमेहाची नेहमीची गोळी घ्या.’ एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तिला उपाशी राहावं लागत नाही, हेही एका ओळीत आलं.

सोनोग्राफीचं उत्तर मुद्दाम वेगळं ठेवलं. पोटाच्या सोनोग्राफीआधी जेवलं तर पित्ताशय आक्रसतं आणि खडे नीट दिसत नाहीत, म्हणून तिथे उपाशी राहायचं. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून तासभर आधी भरपूर पाणी प्यायचं. हे रक्ताच्या नियमात मिसळलं असतं तर पुन्हा पहिलाच गोंधळ झाला असता.

नंतर ताईंनी जुनी वाक्यं आणखी कुठे आहेत ते शोधलं. अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये ‘१२ तास फास्टिंग’ होतं, लॅबच्या दारावरच्या फलकावर ८ तास होते आणि डॉक्टरांच्या छापील चिठ्ठीमागे एनपीओ. तिन्ही ठिकाणी नवं उत्तर शब्दशः तेच घातलं. छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा बराच उरला होता. त्यावर ताईंनी शिक्का करून घेतला: ‘रात्री ९ च्या आधी जेवा, पाणी चालेल, मधुमेहाची गोळी सोबत आणा.’