तुम्ही विचारलंत म्हणून: पाच दिवस की साडेअकरा तास?

"गुरुवारपासून तिकीट पेंडिंग आहे, आज मंगळवार उजाडला. तरी तुमचा रिपोर्ट म्हणतो साडेअकरा तास. हा हिशेब कुठला?"

कागद-पेन घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आपली सपोर्टची वेळ सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६, म्हणजे दिवसाचे साडेआठ तास. गुरुवारी दुपारी ४:४५ला आपल्या माणसाने ग्राहकाकडे लॉग फाइल मागितली आणि तिकीट पेंडिंगला टाकलं. त्या दिवशी ऑफिस सुटेपर्यंत उरला सव्वा तास. शुक्रवारी सुट्टी होती, म्हणून शून्य. शनिवार-रविवारही शून्य. सोमवार अख्खा धरला, साडेआठ. मंगळवारी तुम्ही ११:१५ला रिपोर्ट काढलात, तोवर ९:३०पासून पावणेदोन तास झाले होते. सव्वा, साडेआठ आणि पावणेदोन मिळून साडेअकरा. भिंतीवरच्या घड्याळाला विचाराल तर ते ११४ तास ३० मिनिटं सांगेल, आणि तेही खोटं नाही.

या हिशेबात मी शेवटातून सुरुवात कुठेच वजा केली नाही. प्रत्येक दिवसाला एकच प्रश्न विचारला: तुझ्या उघड्या वेळेत या थांबण्याचा किती तुकडा पडला? ऑफिस उघडण्याची वेळ आणि पेंडिंगची सुरुवात, यातली जी नंतरची ती घ्यायची. बंद होण्याची वेळ आणि पेंडिंगचा शेवट, यातली जी आधीची ती घ्यायची. दोघींतलं अंतर म्हणजे त्या दिवसाचा तुकडा. अंतर उणे आलं तर त्या दिवशी काहीच पडलं नाही, शून्य लिहायचं.

बरेच जण उलट बाजूने जातात. एकूण तास काढतात, मधे शनिवार-रविवार दिसला की ४८ वजा करतात, मग रात्री वजा करायला बसतात. समजा तिकीट शनिवारी दुपारी ३ वाजता पेंडिंगला गेलं, कारण कुणीतरी घरून काम उरकत होतं, आणि सोमवारी ११ला उत्तर आलं. एकूण झाले ४४ तास. त्यातून ४८ गेले की राहिले उणे चार, आणि रात्रींची वजाबाकी अजून बाकीच आहे. खरं उत्तर दीड तास. असा उणे तासांचा रिपोर्ट मी एका बैठकीत पडद्यावर पाहिला आहे. ग्राहकाने विचारण्याआधीच उत्तर दिलं असावं असं वाटत होतं.

एक्सेलमध्ये हेच करायचं असेल तर NETWORKDAYS हे फंक्शन आहे, पण ते एकटं पुरत नाही. ते दिवस मोजतं, तास नाही, आणि पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतं. आपल्या गुरुवार ते मंगळवार प्रकरणात ते ३ म्हणेल. म्हणून त्याला तासांची जोड द्यावी लागते. A2 मध्ये सुरुवात, B2 मध्ये शेवट, F1 मध्ये उघडण्याची वेळ, F2 मध्ये बंद होण्याची, आणि H मध्ये सुट्ट्यांच्या तारखा:

```
=(NETWORKDAYS(A2,B2,$H$2:$H$15)-1)*($F$2-$F$1)
+IF(NETWORKDAYS(B2,B2,$H$2:$H$15),MEDIAN(MOD(B2,1),$F$1,$F$2),$F$2)
-MEDIAN(NETWORKDAYS(A2,A2,$H$2:$H$15)*MOD(A2,1),$F$1,$F$2)
```

दिसायला भयंकर आहे, पण आत साधी गोष्ट आहे. तीन दिवसांतून एक कमी, राहिले दोन. दोन गुणिले साडेआठ, सतरा तास. त्यात शेवटच्या दिवसाचे ११:१५ मिळवायचे आणि पहिल्या दिवसाचे ४:४५, म्हणजे १६:४५, वजा करायचे. सतरातून साडेपाच गेले, साडेअकरा उरले. MEDIAN तीन वेळांतली मधली निवडतं, त्यामुळे रात्री ९ला टाकलेलं तिकीट आपोआप ६ वर येऊन थांबतं आणि पहाटेचं ९:३० वर. सुट्टीच्या दिवशी सुरू झालेलं तिकीट शून्याने गुणलं जातं आणि तेही उघडण्याच्या वेळेला चिकटतं. तुमच्याकडे फक्त रविवारची सुट्टी असेल तर तीनही ठिकाणी NETWORKDAYS.INTL वापरा, आणि सुट्ट्यांच्या आधीच्या जागी ११ हा कोड, `11` असा, द्या.

सूत्र बरोबर असूनही आकडा चुकीचा दिसू शकतो. उत्तराच्या खान्याचं फॉरमॅट h:mm असेल तर २६ तास थांबलेलं तिकीट २:०० दाखवतं, कारण २४ तासांचा एक दिवस झाला आणि तो दिवस पडद्यावर येतच नाही. फॉरमॅट [h]:mm हवं, चौकटी कंसासकट. कुठलंच जुनं तिकीट २४ तासांच्या वर जात नाही असं दिसलं की आधी हेच तपासायचं. दुसरं, सूत्र खाली ओढताना H च्या पट्ट्यातले डॉलर विसरले तर पट्टाही खाली घसरतो. दुसऱ्या ओळीत वर्षाची पहिली सुट्टी गळते, तिसऱ्या ओळीत दुसरी. वरच्या ओळी बरोबर आणि खालच्या फुगलेल्या, असं दिसलं की समजावं.

आणि "किती दिवस झाले?" असं विचारलं की कुणीतरी साडेअकराला २४ ने भागतं आणि "अर्धासुद्धा दिवस नाही" म्हणतं. कामाचा दिवस साडेआठ तासांचा आहे. भागायचंच असेल तर साडेआठने भागा, म्हणजे साधारण एक आणि एक तृतीयांश दिवस. मी तर रिपोर्टमध्ये दिवस लिहितच नाही, तासच ठेवते.

आता A2 मध्ये भरायचं काय? इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. शेवटच्या बदलाची तारीख सगळ्या तिकिटांना असते, म्हणून लोक तीच उचलतात. पण कुणी टॅग बदलला, आतली टिपण लिहिली, एखाद्या स्वयंचलित नियमाने प्राधान्य बदललं, की ती तारीख पुढे सरकते आणि चार दिवस पडून असलेलं तिकीट पुन्हा ताजं होतं. हवी असते ती स्टेटस पेंडिंग झाल्याची नोंद, तिकिटाच्या इतिहासातली. आणि ती एकदाच होत नाही. ग्राहक अर्धवट उत्तर देतो, तिकीट उघडतं, आपण पुन्हा विचारतो, परत पेंडिंग. प्रत्येक फेरीची वेगळी ओळ करायची, प्रत्येकीला वरचा हिशेब लावायचा आणि मग बेरीज. पहिल्या पेंडिंगपासून शेवटच्या उत्तरापर्यंत एकच लांब पट्टी ओढली तर मधे आपल्याच टेबलावर पडून असलेला वेळही ग्राहकाच्या नावावर जातो.

सुट्ट्यांची यादीही वाटते तितकी निरुपद्रवी नसते. अर्ध्या दिवसाची सुट्टी वरच्या सूत्राला कळतच नाही. तारीख यादीत टाकली तर अख्खा दिवस जातो, नाही टाकली तर अख्खा धरला जातो. अशा सुट्ट्या वर्षाला एकदोनच असतील तर हाताने दुरुस्त करा. जास्त असतील तर दिवसागणिक एक ओळ असं कॅलेंडरचं टेबल करा: तारीख, उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ. मग वीकेंड, सुट्टी, अर्धा दिवस हे वेगवेगळे नियम राहतच नाहीत, ज्या तारखेला वेळ नाही ती बंद. वेळा यूटीसीमध्ये साठवल्या असतील तर तुकडे पाडण्याआधी त्या ऑफिसच्या वेळेत आणा, नंतर नाही. नाहीतर शुक्रवारी संध्याकाळचं तिकीट यूटीसीच्या हिशेबाने कुठे शनिवारी पहाटे तर कुठे शुक्रवारी दुपारी जाऊन बसतं.

कुणी म्हणेल, पेंडिंग म्हणजे ग्राहकाची वाट, मग कॅलेंडर ग्राहकाचं का नको? तत्त्वतः हवं. पण आपल्याकडचा हा आकडा मुख्यतः एकाच कामाला वापरला जातो, आठवणीचा मेल कधी पाठवायचा, आणि तो मेल आपणच पाठवतो. ग्राहकाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस वेगळा असेल तर त्याच्यासाठी वेगळं कॅलेंडर ठेवणं सोपं आहे. सगळ्यांची ठेवणं मात्र मी करून पाहिलं आणि सोडलं.

त्या आठवणीच्या मेलवरून आठवलं. आम्ही नियम लावला होता: पेंडिंगचे कामाचे तास बरोबर १७ झाले, म्हणजे दोन दिवस, की आठवण जावी. नियम दर तासाला ४० मिनिटांनी चालायचा आणि तासांचा अपूर्णांक सोडून द्यायचा. साध्या घड्याळावर हे ठीक चाललं असतं, कारण तिथे १७ तासभरच टिकतो. एक तिकीट बुधवारी ५:३०ला पेंडिंग झालं. बुधवारचा अर्धा तास, गुरुवारचे साडेआठ, शुक्रवारी ५:३०पर्यंत आठ, झाले १७. ६ वाजता ऑफिस बंद झालं आणि कामाचं घड्याळ साडेसतरावर थांबलं. नियम मात्र थांबला नाही. शुक्रवारी ५:४०, ६:४०, ७:४०, शनिवारची रात्र, रविवारची दुपार, प्रत्येक वेळी त्याला आकडा १७च दिसला आणि प्रत्येक वेळी मेल गेला. सोमवारी १० वाजता घड्याळ १८ वर गेलं तेव्हा कुठे थांबला. ग्राहकाच्या पेटीत एकाच मजकुराचे ६५ मेल होते.

आता नियमात "बरोबर १७" नाही, "१७ किंवा जास्त, आणि आठवण गेल्याचा टॅग नाही" असं आहे, आणि मेल गेला की टॅग लागतो. तिकीट पेंडिंगमधून बाहेर पडलं की तो टॅग काढायचा असतो, नाहीतर पुढच्या फेरीत आठवण जातच नाही. ते आमच्या लक्षात यायला आणखी तीन आठवडे गेले.